गोष्ट एकाची, अर्थ दुसऱ्याचा : नगर जिल्ह्यातले तीन दृष्टान्त

मागच्या व्याख्यानाच्या शेवटी आम्ही हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट सांगितली होती. कुणी पाय चाचपला, कुणी कान, कुणी शेपूट; सगळ्यांचं थोडं थोडं खरं; तसेच सगळे धर्म. टाळ्या पडल्या, आम्हीही खूश झालो. कार्यक्रम संपल्यावर एक वयस्कर गृहस्थ जवळ आले. महानुभाव पंथातले. नमस्कार करून शांतपणे म्हणाले, "सर, ही गोष्ट आमच्या दृष्टान्तपाठात आहे. पण तिचा अर्थ तुम्ही सांगितला तो नाही. जवळपास उलटा आहे."

घरी जाऊन पुस्तक काढलं. त्यांचं बरोबर होतं. आजचं व्याख्यान त्या दुरुस्तीसाठी आहे, आणि ही चूक होते कशी ते पाहण्यासाठीही. धर्मग्रंथांची तुलना करणाऱ्या व्याख्यानांत आणि निबंधांत ती नेहमी होते. गोष्ट एका ग्रंथातून उचलायची, अर्थ आपल्या मनातला लावायचा, आणि मग म्हणायचं, बघा, सगळीकडे हेच सांगितलंय.

आता दृष्टान्तपाठाची थोडी ओळख. श्रीचक्रधरस्वामी गोष्टी सांगत त्या बोलीतल्या मराठीत, तेराव्या शतकात. त्यांचा वावर आपल्या गोदाकाठी बराच होता. श्रीरामपूर तालुक्यातलं कमालपूर म्हणजे लीळाचरित्रातलं डोमेग्राम. स्वामींच्या मुक्कामामुळे पंथात ते मोठं स्थान मानलं जातं. स्वामी गेल्यानंतर केशिराजबासांनी, म्हणजे केसोबासांनी, या गोष्टी एकत्र केल्या. एकूण 114 दृष्टान्त. केसोबास संस्कृतचे पंडित होते, संस्कृतात लिहू शकत होते. पण नागदेवाचार्यांचा आग्रह असा की संस्कृतात लिहाल तर माझ्या साध्यासुध्या म्हाताऱ्या वंचित राहतील. म्हणून ग्रंथ मराठीत झाला.

आपल्याला आज महत्त्वाची आहे ती या ग्रंथाची मांडणी. प्रत्येक दृष्टान्ताचे तीन तुकडे आहेत. आधी सूत्र, म्हणजे स्वामींचं एखादं छोटं वचन. मग दृष्टान्त, म्हणजे स्वामींनी सांगितलेली गोष्ट. आणि शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे त्या गोष्टीचा सिद्धान्ताला लावलेला अर्थ. यातलं सूत्र आणि दृष्टान्त स्वामींचे. दार्ष्टान्तिक केसोबासांचं. तीन तुकडे वेगळे दिसतात, आणि कुठला कुणाचा हे परंपरा लपवत नाही. जगातल्या फार थोड्या धर्मग्रंथांनी आपल्या गोष्टींची शिवण अशी उघडी ठेवली आहे. इतर ठिकाणी ती शिवण आपल्यालाच शोधावी लागते, कापड उलटं करून.

चौथी एक गोष्ट या ग्रंथात नाही, ती म्हणजे प्रसंग. स्वामी हे बोलले कधी, कुणाला, कुणी काय विचारलं म्हणून? त्यासाठी लीळाचरित्राकडे जावं लागतं. सूत्रं प्रसंगातून सुटली की त्यांचा अर्थ निसटतो हे पंथाच्याही लक्षात आलं होतं. म्हणून पुढे 'प्रकरणवश' नावाचा एक वेगळा ग्रंथप्रकार तयार झाला, अमुक वचन कुठल्या प्रसंगी निघालं ते सांगणारा. कुराणाच्या अभ्यासात आयती कुठल्या निमित्ताने उतरल्या त्याचं स्वतंत्र शास्त्र आहे. पाली जातकांत मूळ गोष्टीआधी 'वर्तमानकाळची कथा' जोडलेली असते, बुद्धाने ही गोष्ट का सांगितली ते सांगणारी. म्हणजे अडचण सगळ्यांची एकच. गोष्ट जास्त दिवस जगते, प्रसंग लवकर विसरला जातो.

तर आता हत्तीकडे येऊ.

ही गोष्ट जुन्या रूपात पाली 'उदान' ग्रंथात सापडते. श्रावस्तीचा राजा नगरातले सगळे जन्मांध गोळा करायला सांगतो आणि त्यांना हत्ती 'दाखवायला' लावतो. मग विचारतो, हत्ती कसा? ज्याने डोकं चाचपलं तो म्हणतो घागरीसारखा. कान चाचपणारा म्हणतो सुपासारखा. सुळा नांगराच्या फाळासारखा, धड कोठारासारखं, पाय खांबासारखा, मागचा भाग उखळासारखा, शेपूट मुसळासारखं आणि शेपटीचं टोक झाडूसारखं. पालीत शब्द आहेत सुप्प, फाल, कोट्ठ, मुसल. तुमच्या आजीला भाषांतराची गरज लागली नसती. हत्तीचं सगळं वर्णन शेतकऱ्याच्या घरातल्या सामानानं झालंय. जो जे रोज हाताळतो तेच त्याला हत्तीत सापडतं. गोष्टीतली ही बारीक गंमत अर्थ सांगताना बहुधा कुणी घेत नाही, पण गोष्टीची ताकद तिथं आहे.

पुढे काय होतं? आंधळे भांडतात, एकमेकांना बुक्क्या मारतात, आणि राजा ते बघून खूश होतो. बस. गोष्टीत त्यांना कुणी शहाणं करत नाही. बुद्धाने लावलेला अर्थही 'सगळे बरोबर' असा नाही. एकेक बाजू पाहून वाद घालणारे वेगवेगळ्या पंथांचे परिव्राजक आंधळ्यांसारखे आहेत, त्यांना धर्म काय आणि अधर्म काय हे माहीत नाही, असा तो अर्थ आहे. म्हणजे टीका आहे, समन्वय नाही.

आता तेराव्या शतकातलं फारसीतलं रूप बघा. मौलाना रूमींनी मसनवीच्या तिसऱ्या भागात हीच गोष्ट घेतली आणि आंधळे काढूनच टाकले. हत्ती अंधाऱ्या घरात बांधलाय, हिंदी लोकांनी तो बघायला आणलाय. लोक डोळस आहेत, पण दिसत काही नाही म्हणून तळहाताने चाचपतात. सोंड नळासारखी वाटते, कान पंख्यासारखा, पाय खांबासारखा, पाठ तख्तासारखी. रूमी म्हणतात, प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती असती तर मतभेद उरला नसता. बघा किती फरक पडला. उदानात दोष जन्माचा आहे, त्यावर गोष्टीच्या आत इलाज नाही. रूमींकडे दोष अंधाराचा आहे, आणि अंधाराला दिवा हा इलाज आहे. एका पात्राची अवस्था बदलली, 'जन्मांध' ऐवजी 'अंधारातला' केला, आणि माणसाबद्दलचं सगळं मत बदललं.

आणि दृष्टान्तपाठात? तिथं आंधळे आहेत, चाचपणं आहे, सूप आणि खांब आहेत. शिवाय एक डोळस आहे. ज्याला सबंध हत्ती दिसतो असा माणूस गोष्टीच्या आतच उभा आहे. आंधळे सांगतात ते हत्तीचेच अवयव आहेत, पण अवयव म्हणजे हत्ती नव्हे, हे त्याला कळतं. दार्ष्टान्तिकाचा रोखही तोच आहे. परमेश्वराचं एकेक अंग धरून त्यालाच पूर्ण परमेश्वर मानणारे हे आंधळे, आणि पूर्ण जाणणारा ज्ञानी तो डोळस.

महानुभावांचं तत्त्वज्ञान माहीत असलं की हे आणखी स्पष्ट होतं. ते चार पदार्थ मानतात : जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर. देवता आणि परमेश्वर हे त्यांच्याकडे एकच नव्हेत. देवतांच्या उपासनेचं फळ आहे, पण ते संपणारं. मोक्ष फक्त परमेश्वराकडून. अशा विचारात ही गोष्ट ठेवली की ती 'कुठल्याही रस्त्याने जा, एकाच ठिकाणी पोचाल' असं म्हणूच शकत नाही. ती म्हणते, रस्ता दाखवणारा डोळस हवा. त्या गृहस्थांचा 'उलटा' हा शब्द म्हणूनच बरोबर होता.

मग 'सगळ्यांचं थोडं थोडं खरं' हा अर्थ आमच्या डोक्यात आला कुठून? थोडा जैनांच्या अनेकान्तवादाच्या चर्चेतून, थोडा आधुनिक काळातल्या सर्वधर्मसमभावाच्या भाषणांतून, आणि बराचसा शाळेच्या पुस्तकांतून. पुस्तकांतले 'सहा आंधळे' हे एकोणिसाव्या शतकातल्या जॉन गॉडफ्रे सॅक्स या अमेरिकन कवीच्या कवितेमुळे जगभर पोचले. गंमत म्हणजे सॅक्सचाही शेवटचा टोला समन्वयाचा नाही, न पाहिलेल्या हत्तीवर वाद घालणाऱ्या धर्मपंडितांना तो टोमणा आहे. म्हणजे आम्ही जो अर्थ बिनधास्त सांगितला तो आम्ही नावं घेतलेल्या एकाही ग्रंथातला नव्हता. आणि आणखी एक. 'प्रत्येकाला एकेक भाग कळला' हे वाक्य कोण बोलू शकतो? ज्याने पूर्ण हत्ती पाहिलाय तोच. व्यासपीठावरून ती गोष्ट सांगताना आम्ही नकळत स्वतःच डोळसाच्या जागी जाऊन बसलो होतो. दृष्टान्तपाठ निदान त्या डोळसाला गोष्टीत उघडपणे उभा करतो.

आता दुसरा दृष्टान्त. यासाठी नगर शहरात यायचं, आताच्या अहिल्यानगरात. 1831 पासून इथं अमेरिकन मराठी मिशनचं काम सुरू झालं, आणि 1842 मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक इथूनच निघालं. येशूच्या गोष्टी नगरच्या खेड्यांत मराठीतून सांगितल्या जाऊ लागल्या त्या या काळात. दृष्टान्तपाठ तेव्हा छापलेला नव्हता, महानुभावांच्या पोथ्या सांकेतिक सकळ लिपीत मठांत होत्या. मराठी बायबलात येशूच्या गोष्टींना शब्द आला तो 'दाखला'.

या शब्दांवर जरा थांबू. दृष्टान्त हा न्यायशास्त्रातला शब्द. 'जिथं धूर तिथं अग्नी, जसं स्वयंपाकघरात', यातलं स्वयंपाकघर हा दृष्टान्त, वादी आणि प्रतिवादी दोघांनाही मान्य असलेलं उदाहरण. रोजच्या मराठीत मात्र देव स्वप्नात आला की 'दृष्टान्त झाला' म्हणतात. आणि दाखला? तो आपण तहसीलमधून आणतो, उत्पन्नाचा, रहिवासाचा. पुरावा म्हणून जोडायचा कागद. आता हिब्रूत या प्रकाराला 'माशाल' म्हणतात, आणि त्यात उपमा, म्हण, कोडं, टोमणा असं सगळं येतं. 'दाखला' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं गोष्टीने काहीतरी सिद्ध केलं. 'माशाल'मधलं कोडं त्यात हरवतं. भाषांतर करणाऱ्यांची चूक आहे असं आम्ही म्हणत नाही. 'दृष्टान्त' घेतला असता तर स्वप्नातला देव मध्ये आला असता.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली पेरणाऱ्याची गोष्ट घेऊ. पेरणारा पेरायला निघाला. काही बी वाटेवर पडलं, पाखरांनी खाल्लं. काही खडकाळ जागी पडलं, लगेच उगवलं, उन्हात करपलं. काही काटेरी झुडपांत पडलं, ती वाढली आणि रोप घुसमटलं. काही चांगल्या जमिनीत पडलं आणि तीसपट, साठपट, शंभरपट आलं.

ही गोष्ट पारनेर-कर्जतकडच्या रब्बी ज्वारीच्या शेतकऱ्याला सांगून बघा. पहिला प्रश्न येईल, हा कसला शेतकरी? आपल्याकडे पेरणी पाभरीनं. चाड्यावर मूठ धरायची, बी नळ्यांतून थेट तासात पडतं. मूठ धरणारा घरातला जाणता माणूस असतो, कारण एकेक दाणा मोलाचा. वाटेवर आणि काट्यांत बी टाकणारा माणूस आपल्या डोळ्याला उधळ्या दिसतो. गालीलात मात्र बी हाताने फोकून पेरत. फोकलं की थोडं इकडंतिकडं जाणारच. काही अभ्यासकांचं म्हणणं असंही आहे की तिथं आधी पेरत आणि मग नांगरत, म्हणून पायवाटही नांगराखाली येणारच होती. यावर एकमत नाही. काही असो, पहिल्या ऐकणाऱ्यांना गोष्टीची सुरुवात नेहमीची वाटली आणि शेवटचा शंभरपट आकडा धक्कादायक. आपल्या शेतकऱ्याला सुरुवातच धक्कादायक वाटते. त्याच गोष्टीचं वजन एका गावात शेवटावर आणि दुसऱ्या गावात सुरुवातीवर पडतं. इथं उपदेशक चतुर असेल तर म्हणेल, बघा, देव असाच उधळ्या आहे, जमीन न बघता पेरतो. चांगला अर्थ आहे. पण तो पाभरीतून आलाय, मार्कातून नव्हे, एवढं लक्षात असावं.

गोष्ट संपल्यावर मार्कात काय होतं? शिष्य एकांतात विचारतात. येशू आधी म्हणतो की बाहेरच्यांना सगळं दाखल्यांतच मिळतं, पाहूनही त्यांना दिसू नये अशा रीतीने. आणि मग अर्थ सांगतो. पेरणारा वचन पेरतो, पाखरं म्हणजे सैतान, खडकाळ जमीन म्हणजे छळ आला की गळणारे, काटे म्हणजे संसाराची चिंता आणि पैशाचा मोह. म्हणजे इथंही दृष्टान्त आहे आणि दार्ष्टान्तिक आहे. फक्त मार्काने दोन्ही येशूच्याच तोंडी दिलंय, शिवण दिसत नाही.

ती शोधायची कशी? मजकूर सावकाश वाचायचा. अर्थाच्या सुरुवातीला बी म्हणजे वचन आहे. दोन वाक्यं पुढे गेलं की 'खडकाळ जागी पेरलेले' ही माणसं होतात. बी वचन होतं, ते आता माणूस झालं. गोष्ट सांगणाऱ्याच्या डोक्यात चित्र एकच असतं, तो सहसा असा घसरत नाही. अर्थ लावणाऱ्याला चित्रातला प्रत्येक भाग कशाला तरी बसवायचा असतो, तेव्हा अशी ओढाताण होते. दुसरी खूण काळाची. छळ, धनाचा मोह, काही दिवस टिकून गळणारे श्रद्धावान, हे प्रश्न पहिल्या काही दशकांतल्या मंडळ्यांचे आहेत, तळ्याकाठी होडीत बसलेल्या वक्त्यापुढच्या गर्दीचे तितके नाहीत. आणि तिसरी खूण बाहेरची. थोमाच्या नावावरचं शुभवर्तमान 1945 मध्ये इजिप्तमधल्या नाग हम्मादी इथं कॉप्टिक भाषेत सापडलं. त्यात ही गोष्ट आहे, शेवटी साठपट आणि एकशेवीसपट असे आकडे आहेत, पण अर्थाचा भाग नाही. म्हणजे गोष्ट एकटीही फिरत होती.

अडॉल्फ यूलिशर या जर्मन अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यावरून ठाम मत मांडलं की येशूच्या गोष्टीला एकच टोक असतं, आणि भाग-भाग जुळवणारे अर्थ नंतरच्या मंडळीने जोडले. पुढे बरेच जण त्याच्या वाटेने गेले. आम्हाला त्याचा दुसरा अर्धा नियम जास्त ताणलेला वाटतो. अर्थ जोडलेला दिसला की तो उशिराचा, असं सरसकट म्हणता येत नाही. ज्यू गुरूंच्या परंपरेत माशालासोबत 'निमशाल' येतो, म्हणजे त्यांचं दार्ष्टान्तिकच, आणि तो त्या प्रकाराचा भाग आहे. जुन्या करारात दावीद राजा दुसऱ्याची बायको घेतो आणि तिच्या नवऱ्याला मारवतो. नाथान संदेष्टा येऊन गोष्ट सांगतो : एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी पाहुण्यासाठी कापली. दावीद संतापून म्हणतो त्या श्रीमंताला मारलं पाहिजे. आणि नाथान एका वाक्यात सांगतो की तो श्रीमंत दुसरा कुणी नाही, राजाच आहे. हा अर्थ कुणी नंतर जोडलेला नाही. तो काढून टाकला तर गोष्टच मरते, कारण गोष्ट रचली होती ती राजाने स्वतःविरुद्ध निकाल द्यावा म्हणून. त्यामुळे आमचा प्रश्न नेहमी असा असतो : अर्थ काढून टाकला तर गोष्टीचं काय होतं? नाथानची कोसळते. पेरणाऱ्याची उभी राहते, उलट जरा मोकळी होते. हत्तीचीही उभी राहते, म्हणून तर ती इतक्या घरांत राहायला गेली.

तिसरा दृष्टान्त थोडा वेगळ्या जातीचा आहे. नेवाशात 1290 मध्ये ज्ञानेश्वरी झाली आणि तिथं दृष्टान्तांची खाण आहे हे खरं, पण त्या बहुतेक उपमा आहेत, गोष्टी नव्हेत; त्यावर स्वतंत्र व्याख्यान होईल. आज शिर्डीला जाऊ.

गोविंद रघुनाथ दाभोलकर, म्हणजे हेमाडपंत, यांच्या श्रीसाईसच्चरिताचा पहिला अध्याय आठवा. साईबाबा सकाळी गोणपाट अंथरून जातं मांडतात, सुपात गहू घेतात आणि दळायला बसतात. गावात गर्दी जमते. चार बाया पुढे होऊन खुंटा स्वतःच्या हातात घेतात, गाणी म्हणत दळतात. दळता दळता त्यांच्या मनात येतं की बाबांना घर नाही, दार नाही, बायकापोरं नाहीत, भिक्षेवर जगतात, मग हे पीठ ते आपल्यालाच देणार. त्या पिठाचे चार भाग करतात आणि उचलायला लागतात. बाबा खवळतात, आणि मग सांगतात की पीठ गावाच्या शिवेवर, ओढ्याकाठी नेऊन टाका. महामारी आली होती, तिला हटवायला हा उपाय, असं लोक लेखकाला सांगतात.

इथं कुणी गोष्ट सांगितलेलीच नाही. घटना घडली, आणि लेखकाने ती दृष्टान्तासारखी वाचली. हेमाडपंत प्रामाणिक आहेत. पीठ आणि महामारी यांचा संबंध काय हे आपल्याला कळत नाही, असं ते सांगतात. त्यांना पडलेलं हे कोडं त्यांच्या ग्रंथाच्या जन्माचं निमित्त आहे. मग अर्थ येतो : खालची तळी म्हणजे कर्म, वरची भक्ती, आणि खुंटा म्हणजे ज्ञान. हे सुंदर दार्ष्टान्तिक आहे, पण त्यात काय उरलं ते बघा. जात्याचा प्रत्येक भाग अर्थाला बसला. चार बाया बसल्या नाहीत. त्यांची गाणी बसली नाहीत. पिठाच्या वाटण्या, बाबांचा राग, गावाची शीव, काहीच बसलं नाही.

दृष्टान्त वाचताना आम्ही सध्या हेच करतो. अर्थ लावून झाला की उरलं काय ते मोजतो. जे उरतं ते बहुधा अर्थाच्या आधीचं असतं. जात्याला लावलेला कर्म-भक्तीचा अर्थ दुसऱ्या कुठल्याही गावच्या जात्याला लावता येईल. शिवेवर पीठ टाकणं मात्र तसं नाही. रोगराई आली की गावाची वेस बांधायची, शिवेवर काहीतरी अर्पण करायचं, मरीआईला गावाबाहेर पोचवायचं, ही आपल्या खेड्यांची जुनी रीत आहे. बाबांची कृती त्या रीतीच्या भाषेत होती आणि गावकऱ्यांना ती लगेच कळली. मुंबईहून आलेल्या, मामलेदारी केलेल्या लेखकाला ती कळली नाही, म्हणून त्याला कोडं पडलं आणि त्याने वेदान्तातला अर्थ शोधला. म्हणजे इथं प्रसंग एका भाषेतला, दार्ष्टान्तिक दुसऱ्या भाषेतलं, आणि दोन्ही एकाच अध्यायात शेजारी बसलेत. तुलनेला बसलेला माणूस नुसतं दार्ष्टान्तिक उचलेल तर शिर्डी, काशी आणि कुठलाही वेदान्ताचा मठ त्याला सारखेच दिसतील. प्रसंग उचलेल तर शिर्डी शेजारच्या खेड्यांसारखी दिसेल.

प्रश्नोत्तरांत एका ताईंनी विचारलं, "मग आम्ही पारायण करताना तो जात्याचा अर्थ सोडून द्यायचा का?" नाही ताई, सोडू नका. तो हेमाडपंतांचा आहे एवढं ध्यानात ठेवून वाचा. केसोबासांनी आपला भाग वेगळा मांडून ठेवला म्हणून महानुभावांची श्रद्धा कमी झालेली दिसत नाही. दुसरा प्रश्न मागच्या रांगेतून आला : त्या गृहस्थांना तुम्ही काय उत्तर दिलंत? त्यांना फोन केला आणि चूक मान्य केली. ते म्हणाले, पुढच्या वेळी डोळसाला विसरू नका. आणि त्या चार बाया? त्यांच्या ओव्या कुठल्या होत्या हे ग्रंथात नाही. पुढच्या महिन्यात नगर-पाथर्डी भागातल्या जात्यावरच्या ओव्यांबद्दल बोलू, तिथून काही हाती लागतं का बघू.